राउटरवरून मुलाचा फोन 'पॉज' केला तरी नेट चालूच राहतं, आणि रोजची मर्यादा दुपारीच संपते: उपाय काय?

मंजिरी

मुलगा आठवीत आहे. त्याच्याकडे सिम नसलेला अँड्रॉइड फोन आहे, तो फक्त घरच्या वायफायवर चालतो. राउटरच्या अ‍ॅपमध्ये पेरेंटल कंट्रोल आहे. त्यात मुलाच्या नावाचं प्रोफाइल करून फोन त्याखाली टाकला आहे. जेवायच्या वेळी मी पॉज दाबते, अ‍ॅपमध्ये फोन थांबवलेला दिसतो, आणि हा मात्र खोलीत व्हिडिओ बघत बसलेला असतो. अर्धा तास झाला तरी तो चालूच. कधी कधी पॉज दाबल्याबरोबर खरंच बंद होतं. त्यामुळे पॉज बिघडलंय असंही म्हणता येत नाही.

दुसरी अडचण. रोज दोन तास अशी मर्यादा लावली. तो शाळेतून चार वाजता येतो, फोन दिवसभर माझ्या कपाटात असतो, तरी चारला अ‍ॅप सांगतं की आजची वेळ संपली. मग तो चिडतो, आणि त्याचं चिडणं मला चुकीचं वाटत नाही.

आमच्याकडे फायबरवाल्यांनी बसवलेला डबा आहे आणि त्याला जोडलेला आमचा स्वतःचा राउटर. वायफायची नावं दोन आहेत, `Gharkul` आणि `Gharkul_5G`.

राजू_सोलापूर

ताई, व्हीपीएन टाकलं असणार. आजकाल सगळ्या पोरांना माहीत असतं. त्याच्यापुढे राउटरचं काही चालत नाही. फोन तपासा, व्हीपीएनचं अ‍ॅप सापडलं की काढून टाका.

ओंकार_नेटवर्क

राजूभाऊ, व्हीपीएनने साइटवरची बंदी चुकवता येते, पॉज चुकवता येत नाही. पॉज केल्यावर राउटर त्या उपकरणाची सगळीच ये-जा अडवतो. व्हीपीएनलासुद्धा आधी राउटरमधूनच बाहेर पडायचं असतं, त्यामुळे तेही अडतं. पॉज असताना व्हिडिओ चालतोय याचा अर्थ राउटरने अडवलेलं उपकरण एक आणि व्हिडिओ बघणारं दुसरं, किंवा निदान राउटरला ती दोन वेगळी वाटतायत.

मंजिरीताई, अ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. प्रत्येक नावावर टिचकी मारली की मॅक अ‍ॅड्रेस दिसतो, म्हणजे दोन-दोन अक्षरांचे सहा गट. ती यादी इथे टाका, शेवटचे गट झाकलेत तरी चालेल. आणि मुलगा व्हिडिओ बघत असताना फोन कुठल्या नावाच्या वायफायवर आहे तेवढं बघा.

दिगंबर_काका

मी नातवासाठी राउटरमध्ये डीएनएस बदलून `208.67.222.123` टाकला आहे. पाच मिनिटांचं काम, पैसे लागत नाहीत, आणि नको त्या साइट उघडत नाहीत. मंजिरीताईंनी एवढंच करावं, बाकीच्या भानगडीत पडू नये.

मंजिरी

काका, ते मी जरूर करीन, पण माझा प्रश्न वेळेचा आहे. तो नको ते बघत नाही, क्रिकेटचे आणि गेमचे व्हिडिओ बघतो. फक्त थांबत नाही.

ओंकार, ही यादी:

```
Galaxy-A14   7E:41:0B:..:..:..
Galaxy-A14   C2:88:16:..:..:..
LivingTV     A4:75:B9:..:..:..
```

माझा आणि ह्यांचा फोन वगळलाय. Galaxy-A14 म्हणजे मुलाचा फोन, घरात तसा एकच आहे. यादीत तो दोनदा का दिसतो? प्रोफाइलमध्ये मी पहिला टाकला होता. आत्ता तो `Gharkul_5G` वर आहे.

ओंकार_नेटवर्क

पॉज न चालण्याचं कारण या यादीतच आहे.

राउटर उपकरण ओळखतो ते मॅक अ‍ॅड्रेसवरून. पूर्वी प्रत्येक फोनचा हा पत्ता कारखान्यात ठरायचा आणि तोच राहायचा. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता वायफायला सांगत नाहीत, बनवलेला पत्ता देतात. मॉलमध्ये, स्टेशनवर कुणी आपला माग काढू नये यासाठी ही सोय आहे आणि ती चांगली आहे. पण वायफायच्या प्रत्येक नावासाठी हा पत्ता वेगळा बनतो. तुमच्याकडे नावं दोन, म्हणून एकाच फोनचे पत्ते दोन. तुम्ही थांबवता `7E` वाला. फोन `Gharkul` वर असेल तर तो लगेच बंद पडतो. `Gharkul_5G` वर असेल तर तो `C2` या पत्त्याने येतो आणि राउटरच्या लेखी त्याच्यावर कुठलाच निर्बंध नाही. कधी चालतं, कधी चालत नाही, ते यामुळे. मुलाने मुद्दाम काही केलं असेलच असं नाही. फोन दोन नावांमध्ये आपला आपणसुद्धा उडी मारतो.

पत्ता बनवलेला आहे की खरा, हे ओळखता येतं. पहिल्या गटातलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो बनवलेला. `7E` मध्ये E आहे, `C2` मध्ये 2 आहे, दोन्ही बनवलेले. टीव्हीचा `A4`, तिथे 4 आहे, म्हणजे खरा. यादीत अनोळखी उपकरण दिसलं की आधी हे दुसरं अक्षर बघायचं.

आता उपाय. राउटरमध्ये `Smart Connect` असेल तर ते चालू करा, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच होईल आणि फोनचा पत्ताही एकच राहील. मग मुलाच्या फोनमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जा. तिथे प्रायव्हसी किंवा मॅक अ‍ॅड्रेस टाइप असं काहीतरी असतं, `Randomized MAC` च्या जागी `Phone MAC` निवडा (काही फोनवर `Use device MAC` लिहिलेलं असतं). घरच्या वायफायपुरतं हे करायला हरकत नाही, बाहेरच्या वायफायवर फोन बनवलेलाच पत्ता वापरत राहील. त्यानंतर यादीतले दोन्ही जुने पत्ते काढून प्रोफाइलमध्ये नवा टाका.

आणखी एक. पॉज दाबल्यावर एक-दोन मिनिटं व्हिडिओ चालला तर घाबरू नका. पुढचा भाग फोनने आधीच उतरवून ठेवलेला असतो. काही राउटर तर फक्त नवी जोडणी अडवतात, आधीपासून चालू असलेली जोडणी तशीच चालू ठेवतात. तपासायचं असेल तर पॉजनंतर कधीही न उघडलेली एखादी साइट उघडून बघा. ती उघडली नाही तर पॉज लागू झालाय.

शर्वरी_क

माझंही राउटरचंच आहे म्हणून इथेच विचारते. मुलीसाठी रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा नेट बंद असं वेळापत्रक लावलं आहे. रात्री काही होत नाही. सकाळी ती ऑनलाइन अभ्यासाला बसते तेव्हा नेट बंद असतं आणि दुपारी आपोआप सुरू होतं. मॅकचा घोळ नाही, टॅबलेट एकच आणि यादीतही एकदाच दिसतो.

ओंकार_नेटवर्क

शर्वरी, दुपारी बारा वाजता सुरू होतं का?

शर्वरी_क

हो, बाराच्या सुमारास! तुम्हाला कसं कळलं?

ओंकार_नेटवर्क

साडेसहात साडेपाच तास मिळवले. राउटरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालू आहे. आपण त्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने त्याचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन, आणि त्याचे सकाळचे साडेसहा म्हणजे आपले दुपारचे बारा. रात्री काही होत नाही असं वाटतं, कारण पहाटे तीनला बघायला कुणी जागं नसतं. सिस्टम किंवा टाइम सेटिंगमध्ये टाइम झोन `GMT+05:30` करा आणि इंटरनेटवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू ठेवा. बऱ्याच राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते, आणि नेटवरून वेळ घेतली नाही तर वेळापत्रक भलत्याच तासाला चालतं.

अमृता_एडिसन

इकडे न्यू जर्सीत आमच्याकडे एक्सफिनिटीचं अ‍ॅप आहे. त्यात प्रत्येक मुलाखाली त्याची सगळी उपकरणं टाकली की एका बटणाने सगळी थांबतात. पण मॅकचा हा प्रकार आम्हालाही भोवला. मुलीच्या आयफोनमध्ये `Private Wi-Fi Address` चालू होतं, त्यामुळे अ‍ॅपमध्ये मध्येच नवं उपकरण उगवायचं. घरच्या वायफायपुरतं ते `Off` केलं आणि थांबलं. नवं उपकरण जोडलं गेलं की अ‍ॅप कळवतं, ती सूचना मी कधी बंद करत नाही. मंजिरी, तुमच्या अ‍ॅपमध्ये अशी सूचना असेल तर चालू करा, तिचा पॉजइतकाच उपयोग होतो.

मात्र आम्ही रोजची मर्यादा राउटरवर ठेवलेलीच नाही. ती फोनमध्येच आहे.

मंजिरी

दोन्ही नावं एक केली, `Phone MAC` केलं, जुने पत्ते काढले. आता पॉज दाबला की थोड्याच वेळात खरंच थांबतं. ओंकार, मनापासून आभार. शर्वरीचं वाचून घड्याळही तपासलं, ते बरोबर आहे.

पण दोन तासांचं कोडं तसंच आहे. आज फोन कपाटात होता आणि तरी दुपारपर्यंत दीड तास खर्च झालेला दिसतोय.

ओंकार_नेटवर्क

फोन कुणाच्या हातात आहे की कपाटात पडलाय, हे राउटरला कळत नाही. त्याला दिसते फक्त त्या पत्त्यावरची ये-जा. कपाटातला फोनही गप्प बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येतात, अ‍ॅप अपडेट होतात, फोटो वर चढतात. काही राउटर अशी थोडी ये-जा दिसली तरी ती मिनिटं वापरात धरतात, काही तर नुसतं वायफायला जोडलेलं असणंच मोजतात. शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज येत असतील तर दोन तास असेच निघून जातात.

कपाटात ठेवताना फोन विमान मोडवर टाका किंवा बंद करा. दुसऱ्या दिवशी चार वाजता मोजणी शून्याच्या आसपास असेल तर कारण हेच होतं असं समजा.

पण कायमचा विचार कराल तर 'दोन तास' हा हिशेब राउटरला करायला लावू नका. राउटरला घड्याळाच्या वेळा द्या, पाच ते सात चालू आणि बाकी वेळ बंद. ते काम तो चोख करतो. स्क्रीनसमोरचे तास मोजायचे असतील तर ते फोननेच मोजायला हवेत, कारण स्क्रीन चालू आहे की बंद हे त्यालाच माहीत असतं. अँड्रॉइडवर फॅमिली लिंक आहे. त्यात रोजची मर्यादा लावता येते, आणि ती शेजारच्या वायफायवर किंवा मित्राच्या हॉटस्पॉटवरही लागू राहते. राउटरचं राज्य दारापर्यंतच.

रानवारा

मी याबाबतीत ओंकारशी सहमत नाही. घड्याळाच्या वेळा दिल्या की मूल पाच वाजायची वाट बघत बसतं आणि खाली खेळायला जायचं नेमकं त्याच वेळेत राहून जातं. आमच्या मुलाचं तसंच झालं. दोन तास कधीही वापर असं सांगितलं तर तो स्वतः ठरवतो, आज मॅच आहे म्हणून दुपारी नको, रात्री बघू. मोजणी चुकते म्हणून पद्धतच बदलायची, हे मला पटत नाही.

ओंकार_नेटवर्क

तुमचा मुद्दा रास्त आहे, म्हणूनच मोजणी फोनकडे द्या म्हणतोय. तास कधीही वापर हे फॅमिली लिंकमध्ये जमतं. राउटरकडे फक्त रात्रीची बंदी ठेवा.

रानवारा

टीव्ही आणि लॅपटॉपचं काय? तिथे फॅमिली लिंक नाही. आमच्याकडे फोनचे दोन तास संपले की तो टीव्हीवर तेच व्हिडिओ लावतो.

राजू_सोलापूर

टीव्हीचा रिमोट लपवा, आम्ही तेच करतो. खरंच चालतं.

ओंकार_नेटवर्क

टीव्हीसाठी राउटरची वेळच योग्य. टीव्ही दोन नावांत उड्या मारत नाही, मंजिरीताईंच्या टीव्हीसारखा पत्ता खरा असेल तर तो बदलतही नाही. राउटरचा पॉज अशाच उपकरणांवर सगळ्यात भरवशाचा. पण फोन, टीव्ही आणि लॅपटॉप मिळून दोन तास असा एकत्र हिशेब साध्या राउटरवर नीट जमलेला मी अजून पाहिलेला नाही. काही अ‍ॅपमध्ये प्रोफाइलवर एकत्र वेळ लावता येते, पण कपाटातल्या फोनची चूक तिथेही राहते आणि तिघांची मिळून वाढते. काही कंपन्या तर रोजची मर्यादा फक्त वर्गणी भरणाऱ्यांनाच देतात, पॉज आणि झोपेची वेळ तेवढी फुकट. राउटर घेण्याआधी हे बघून घ्या.

मंजिरी

नवीन अडचण. काल रात्री पॉज चालू होता, तरी तो व्हिडिओ बघत होता. मी लगेच यादी उघडली. त्याचा फोन जोडलेल्यांच्या यादीत नव्हताच! सिम नाही, कुणाचा हॉटस्पॉट नाही, माझा फोन माझ्या हातात होता. मग नेट आलं कुठून?

अमृता_एडिसन

शेजाऱ्यांचं वायफाय?

ओंकार_नेटवर्क

शेजाऱ्यांच्या आधी घरातला दुसरा डबा बघा. फायबरवाल्यांचा. त्याचं स्वतःचं वायफाय बहुधा चालूच असेल, आणि पासवर्ड डब्याच्या खाली किंवा मागे स्टिकरवर छापलेला असतो. त्या वायफायवरचा फोन तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, तर पॉज त्याला कसा लागू होईल? मुलाच्या फोनमध्ये जोडलेल्या वायफायचं नाव बघा.

मंजिरी

अगदी तेच. कंपनीच्या नावाचं आणि आकड्यांचं वायफाय आहे, स्टिकरवर जे छापलंय तेच. विचारलं तर म्हणाला, "ते तर कधीपासून दिसतंय, कुणी नको म्हटलं नाही." खरंच कुणी म्हटलं नव्हतं.

बंद कसं करायचं?

ओंकार_नेटवर्क

त्याच वायफायला तुमचा फोन जोडा आणि ब्राउझरमध्ये स्टिकरवर लिहिलेला पत्ता टाका, बहुतेक वेळा `192.168.1.1` असतो. आत वायफाय किंवा डब्ल्यूलॅन असा विभाग असतो, तिथे दोन्ही पट्ट्या, 2.4 आणि 5, बंद करा. काही कंपन्या ते पान ग्राहकाला उघडू देत नाहीत. तेव्हा कस्टमर केअरला सांगायचं, डब्याचं वायफाय बंद करा, माझा वेगळा राउटर आहे. ते तिकडून करून देतात. घरातलं नेट जात नाही, तुमचा राउटर त्या डब्याला वायरने जोडलेला आहे.

डब्यापाशी गेलाच आहात तर तुमच्या राउटरवर दोन गोष्टी बघा. डब्ल्यूपीएसचं बटण असेल तर सेटिंगमधून ते बंद करा, ते दाबलं की काही उपकरणं पासवर्डशिवाय जोडता येतात. आणि राउटरच्या अ‍ॅपचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर पॉज काढायला मुलाला फार वेळ लागणार नाही.

शर्वरी_क

टाइम झोन बदलला, काल रात्री बरोबर साडेनऊला बंद झालं. पण आता वेगळंच. मुलीने माझ्या फोनवरून वायफायचा क्यूआर कोड काढला आणि माझा जुना फोन जोडला. एक उपकरण थांबवलं की दुसरं येतं.

ओंकार_नेटवर्क

अशा घरात एकेका उपकरणामागे धावू नका. मुलांचं वायफायच वेगळं करा. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, त्याला नवं नाव आणि पासवर्ड द्या, मुलांची सगळी उपकरणं त्यावर टाका. मोठ्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड बदला आणि तो मोठ्यांच्याच फोनमध्ये ठेवा. फोनला स्क्रीन लॉक हवाच, कारण उघड्या फोनमधून क्यूआर काढायला दहा सेकंद पुरतात. मग मॅक खरा असो की बनवलेला, फोन जुना असो की नवा, गेस्ट नेटवर्क बंद केलं की त्यावरचं सगळं बंद.

दोन उणिवा आहेत. काही राउटर गेस्ट नेटवर्कला वेळापत्रक देत नाहीत, मग रात्री अ‍ॅपमधून हाताने बंद करावं लागतं. सगळ्या वायफायचं वेळापत्रक असतं, पण ते लावलं तर तुमचा फोन आणि दारावरचा कॅमेराही बंद होतो. दुसरं, गेस्टवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येत नाही, प्रिंटर दिसत नाही. गेस्टला घरातली उपकरणं दिसू द्यायचा पर्याय काही राउटरमध्ये असतो, तो लागेल तेव्हाच चालू करा.

शर्वरी_क

माझी दोन मुलं आहेत. धाकट्याला नऊ आणि मोठीला साडेदहा. गेस्ट एकच. मग?

ओंकार_नेटवर्क

गेस्ट साडेदहाला बंद, आणि धाकट्याच्या उपकरणावर त्यातच नऊची वेळ. प्रोफाइलचे नियम गेस्टवर लागू होतात का, ते राउटरप्रमाणे बदलतं. एकदा नऊच्या जागी पाच मिनिटांनंतरची वेळ लावून बघा, लगेच कळेल. लागू होत नसतील तर 2.4 आणि 5 या दोन पट्ट्यांवर दोन गेस्ट करता येतात का बघा, मग एकेकाला एकेक.

रानवारा

माझा प्रश्न उरलाच आहे. मुलाचा गेमिंग पीसी वायरने जोडलेला आहे. गेस्ट वायफायचा त्याच्याशी संबंधच नाही.

ओंकार_नेटवर्क

तिथे पुन्हा उपकरणाचाच पॉज. पीसीला वायरचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, दोन्ही प्रोफाइलमध्ये टाका, नाहीतर वायर काढून तो वायफायवर येईल. वायफायच्या सेटिंगमध्ये विंडोजचं `Random hardware addresses` बंद करा.

रानवारा

दोन्ही टाकले, बंद होतंय. पण तो म्हणतो, मॅचच्या मध्येच नेट गेलं तर गेम सोडून गेल्याची शिक्षा लागते आणि संघातले बाकीचे चौघं हरतात. नऊला बंद असं ठरलं असलं तरी मॅच आठ पन्नासला सुरू झाली तर काय करायचं? मी पावणेनऊनंतर नवी मॅच नाही असं सांगितलंय, तो कबूल आहे, पण राउटरला ते सांगता येत नाही. ज्यांच्या घरी असे गेम खेळणारी मुलं आहेत त्यांनी हे कसं बसवलंय?

अमृता_एडिसन

आमच्याकडे वेळापत्रक सव्वानऊचं आहे आणि मुलाला सांगितलेली वेळ नऊची. मधली पंधरा मिनिटं मॅच संपवण्यासाठी. बहुतेक दिवस पुरतात. ज्या दिवशी पुरत नाहीत त्या दिवशी तो खाली येऊन विचारतो आणि मी त्याच्या पीसीची वेळ अ‍ॅपमधून वाढवते. रोज विचारायला लागला तर काय करायचं, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.